‘तुला काय, तुझं लग्न थोडंच झालंय?’

जालना एमआयडीसीत सकाळची पाळी सुरू होताना चंदनझिऱ्याच्या रस्त्यावर उभे राहिले की जिल्ह्याचे अर्थकारण डोळ्यांसमोरून जाते. सळईच्या कारखान्यांकडे आणि भट्ट्यांकडे जाणारे तरुण, बियाणे कंपन्यांच्या पॅकिंगला जाणाऱ्या बाया, परराज्यातले मजूर, डबे, सायकली, रिक्षा. या गर्दीत एक वर्ग असा आहे की त्याच्याबद्दल ना युनियन बोलते, ना आपली चळवळ. तिशी ओलांडलेल्या, लग्न न झालेल्या मुली आणि काही मुलगेही. त्यांची दुसरी पाळी घरी असते. त्या पाळीला हजेरीपट नाही, ओव्हरटाइम नाही आणि सुट्टी तर नाहीच.

आजारी आई-वडिलांना सांभाळायला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो वाटणीच्या पद्धतीला. चार भावंडांत जिचे लग्न झालेले नाही तिच्याकडे आई जाते, आणि हा निर्णय कुणी घेतलेला नसतो. बैठक होत नाही, कुणी विचारत नाही. थोरला म्हणतो, मला पोरंबाळं आहेत. धाकटा म्हणतो, माझी बायको ऐकत नाही. थोरली म्हणते, मी परक्या घरची. उरते ती एक. तिला एवढेच सांगितले जाते, ‘तुला काय, तुझं लग्न थोडंच झालंय?’ जणू लग्न झाले नाही म्हणजे आयुष्यच सुरू झाले नाही आणि तिचा वेळ हा घराचा पडीक माल आहे.

आम्ही ज्या घरांत जातो त्यांतले एक घर घेऊ. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. आई चौसष्ट वर्षांची. चार वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. वडील त्याआधीच वारलेले. थोरला मुलगा चाकणला कंपनीत. धाकटा इथेच, पलीकडच्या गल्लीत, रोलिंग मिलमध्ये बारा तासांच्या पाळीवर. थोरली मुलगी परतूरला दिलेली. आणि तेहतीस वर्षांची ही, बी.ए. झालेली, बियाणे प्रक्रियेच्या कारखान्यात ठेकेदाराकडे निवड-पॅकिंगला. पगार अकरा हजार. खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे गेले. आईला झटका आला त्याच वर्षी तिचा छत्रपती संभाजीनगरला बी.एड.ला नंबर लागला होता. तिने प्रवेश घेतला नाही. घरात हा विषय कधी निघतच नाही. निघाला तर ‘तिनेच नको म्हटलं’ असे सांगितले जाते.

आम्ही तिला एक आठवडा वहीत वेळ लिहायला सांगितली. पहाटे पाचला उठून आईचे कपडे बदलणे, अंग पुसणे, औषध, भरवणे, स्वतःचा डबा. दुपारभर शेजारीण डोकावते. संध्याकाळी आल्यावर पुन्हा स्वच्छता, मालिश, हातापायाचा व्यायाम, स्वयंपाक, भरवणे. रात्री दोनदा उठून कूस बदलणे, कारण अंथरुणाला खिळलेला माणूस एकाच कुशीवर तासन् तास राहिला की माकडहाडावर, टाचेवर कातडी लाल होते आणि तिथेच जखम पडते. खरे तर दर दोन तासांनी कूस बदलायला सांगतात. दिवसभर कामावर जाणाऱ्या एकट्या बाईला रात्रीत ते शक्य नाही, आणि आईच्या पाठीवर एकदा जखम झाली तेव्हा बोल मात्र तिलाच बसला. वहीतली बेरीज दिवसाला सरासरी सहा तास आली. चार वर्षांचे सहा-सहा तास एकत्र केले तर जवळपास 8,760 तास होतात. म्हणजे दिवस-रात्र धरून एक अख्खे वर्ष. थोरल्या भावाने याच चार वर्षांत दर दिवाळीला आईला साडी आणि दोन हजार रुपये दिले. गल्लीत कौतुक त्याचे होते.

पैशांचा हिशोबही वहीत आला. औषध, डायपर, रिक्षा, दवाखाना, किराणा, वीजबिल. तिच्या अकरा हजारांत महिनाअखेरीस तिच्या नावावर काही उरत नव्हते. तिच्या लग्नाचे स्थळ का परत जाते, हे या ओळींत वाचता येते. दोन स्थळे आली होती. एकदा ‘मुलगा शिकलेला नाही’, एकदा ‘गाव लांब आहे’. कारणे खरीही असतील. पण तिच्या पगारावर घर चालते आणि तिच्या हातांवर आई जगते, अशा घरात तिचे लग्न ठरावे यासाठी कुणाचीच झोप उडत नाही. तिला लग्न करायचेच नसेल तर तो तिचा अधिकार आहे. 20 जुलै 1942 ला नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी लग्नाची घाई करू नका असेच सांगितले होते. पण लग्न नाकारलेली बाई आणि लग्न होऊ न दिलेली बाई यांत फरक आहे, आणि घरातली माणसे तो फरक सोयीने पुसतात.

मुलांचेही सांगायला हवे, नाहीतर हा फक्त बायांचा प्रश्न म्हणून बाजूला टाकला जाईल. धाकटा, लग्न न जमलेला मुलगा हा एमआयडीसीतला दुसरा बळी. मागासवर्गीयांना पोलीस भरतीत वयाची मर्यादा 33. त्या आत मैदान मारायचे तर पहाटे धावायला जावे लागते, आणि पहाटे बापाला संडासला न्यायचे असते. शासकीय नोकरीची सर्वसाधारण मर्यादा आपल्यासाठी 43 आहे, त्यामुळे ‘अजून वेळ आहे’ असे घरचे म्हणत राहतात. आई-बाप किती वर्षे अंथरुणावर राहतील हे कुणाला ठाऊक नसते. वयाची अट मात्र तारखेनिशी ठाऊक असते. तरीही मुलाला एक सवलत आहे. ‘सून आली की ती बघेल’ असे म्हणून त्याच्यासाठी बायको शोधतात. म्हणजे एका बाईच्या खांद्यावरचे ओझे दुसरीच्या खांद्यावर. सासू-सासऱ्यांना स्वतःच्या कमाईतून पोसण्याची जबाबदारी 2007 च्या कायद्याने सुनेवर टाकलेली नाही, हे आपल्या किती कार्यकर्त्यांना माहीत आहे?

कायदा इथे नीट वाचला पाहिजे, कारण ‘लोक काय म्हणतील’ या दहशतीला उत्तर त्यातच आहे. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, 1956 आपल्या बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या कलम 20 नुसार वृद्ध किंवा अशक्त आई-बापांचा निर्वाह करण्याची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर आहे. लग्न झाले की मुलगी सुटते, असे त्यात कुठेही नाही. हा मुद्दा आपल्याच महाराष्ट्रातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कल्याणच्या एका विवाहित डॉक्टर मुलीविरुद्ध तिच्या वडिलांनी दरमहा पाचशे रुपये पोटगी मागितली होती. मुलीचे म्हणणे असे की फौजदारी संहितेच्या कलम 125 मधला शब्द पुरुषवाचक आहे, म्हणून जबाबदारी मुलाची. विजया अरबट विरुद्ध काशीराव सवाई या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्यात 1987 मध्ये न्यायालयाने सांगितले की विवाहित मुलगीही जबाबदार आहे. अट एवढीच की नवऱ्याच्या उत्पन्नाशिवाय तिच्या स्वतःकडे पुरेसे साधन असले पाहिजे. तेव्हा परतूरच्या बहिणीने ‘मी परक्या घरची’ म्हणणे आणि चाकणच्या भावाने ‘मला पोरं आहेत’ म्हणणे, दोन्ही कायद्यापुढे सारखेच पोकळ आहे. बहिणीचे स्वतःचे उत्पन्न नसेल तर तिच्याकडून पैसे मागता येणार नाहीत, हे खरे. भावाचे तसे नाही.

दुसरा कायदा 2007 चा, आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याच्या, म्हणजे प्रांताच्या अध्यक्षतेखालच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. वकील लागत नाही, किंबहुना चालत नाही. नोटीस गेल्यापासून नव्वद दिवसांत निकाल द्यायचा आणि फार तर तीस दिवस वाढवायचे, असे कायदा म्हणतो. महाराष्ट्रात दरमहा दहा हजारांपर्यंत रक्कम ठरवता येते. अर्ज आई स्वतः करू शकते, आणि ती अशक्त असेल तर तिने अधिकार दिलेली कुणीही व्यक्ती किंवा संस्था करू शकते. म्हणजे सांभाळणारी मुलगी आईच्या वतीने भावांवर अर्ज करू शकते. आणखी एक तरतूद आमच्या तरुणांनी लक्षात ठेवावी. कधी उलटेही घडते. मुलगी शिकायला निघाली की भाऊ आईला पुढे करून तिच्याच विरुद्ध अर्ज करायला लावतात. अशा वेळी कलम 5 मुळे ज्याच्यावर अर्ज झाला त्याला इतर जबाबदार भावंडांनाही त्याच अर्जात ओढता येते. नोटीस आल्यावर घाबरून घरी बसू नये, बाकीच्यांची नावे पत्त्यांसह लेखी द्यावीत.

आता कायद्याची मर्यादा. न्यायाधिकरण पैसे ठरवते, रात्र ठरवत नाही. कुणाला कूस बदलायला लावण्याचा हुकूम निघत नाही. निर्वाह या शब्दात अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार येतो. त्यामुळे भावांकडून रक्कम घेऊन दिवसपाळीला बाई ठेवणे हाच त्यातला व्यवहार्य उपयोग आहे. आणि मोठी अडचण कचेरीत नसते, खाटेवर असते. आई मुलांविरुद्ध अंगठा देत नाही. आमच्या या घरातल्या आईनेही दिला नाही. ‘पोरांवर केस करू का मी?’ म्हणाली. लेकीचे आयुष्य चार वर्षे थांबले यावर ती काही बोलली नाही. आईला दोष देणे सोपे आहे. पण मुलगा म्हातारपणाची काठी आणि मुलगी परक्याचे धन हे तिलाही कुणीतरी शिकवलेच आहे, आणि काठी मोडली तरी ती हातात धरून बसायचेही.

शासनाने या मानसिकतेला नाव देऊन ठेवले आहे. पासष्ट वर्षांवरच्या गरीब वृद्धांच्या राज्य निवृत्तिवेतनाचे नाव ‘श्रावणबाळ’. महिना दीड हजार रुपये, आणि कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला एकवीस हजारांच्या आत पाहिजे. म्हणजे महिना साडेसतराशे! ठेक्यावर अकरा हजार मिळवणारी मुलगी घरात असली की पुढच्या वर्षी पासष्टीत येणारी तिची आई त्या मर्यादेबाहेर. मुलगी कमावते म्हणून राज्य हात झटकते, आणि ती लग्न न झालेली म्हणून भाऊ हात झटकतात. आणि नाव तरी कुणाचे निवडले? कथेतल्या श्रावणाला भावंडे नाहीत, बायको नाही, स्वतःची एकही इच्छा नाही. कावड खांद्यावर घेऊन तो चालतो आणि आई-बापांसाठी पाणी आणायला गेला असताना बाण लागून मरतो. आपल्या समाजाला हे आदर्श अपत्य वाटते, यात नवल नाही. आंबेडकरी घरात तीच कथा कौतुकाने सांगितली जाते, याचे मात्र आम्हाला नवल वाटते.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मुलांची आई-वडिलांप्रती पाच कर्तव्ये सांगितली आणि लगेच आई-वडिलांचीही पाच. त्यांत मुलांना विद्या-कला शिकवणे आहे, योग्य जोडीदार पाहून देणे आहे, आणि वेळेवर वारसा हाती देणे आहे. कर्तव्य दोन्ही बाजूंनी आहे. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये गृहस्थांच्या विनयात ही शिकवण घेतली आहे. आपल्या विहारांत मुलांची कर्तव्ये मोठ्याने सांगितली जातात, पालकांची गाळली जातात. जिने बी.एड.चा प्रवेश सोडला तिच्या बाबतीत दुसरी पाच कर्तव्ये कुणी पाळली?

आणि रमाईचा दाखला. ‘रमाईने किती सोसलं’ हे वाक्य आम्ही अशा घरांत पुन्हा पुन्हा ऐकले आहे, आणि ते नेहमी घरातल्या मुलीला उद्देशून असते, मुलाला कधीच नाही. रामजीबाबा 2 फेब्रुवारी 1913 ला गेले आणि त्याच वर्षी जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. घरावर हलाखी होती. ‘आता घर सांभाळ, शिक्षण राहू दे’ म्हणायला त्याहून सबळ कारण कुठल्या घरात असते? पण ते गेले, आणि मागे रमाईने जे सोसले त्याचे ऋण आपण मान्य करतो. ऋण मान्य करणे वेगळे आणि ती किंमत प्रत्येक घरातल्या एका मुलीकडून दरवर्षी वसूल करणे वेगळे. बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्या घराने 1913 कडे पाहून मुलीला कॉलेजला पाठवायला हवे होते.

आता घराच्या मालमत्तेकडे. आम्हाला खरी लबाडी इथे दिसते. चंदनझिऱ्यातले दोन खोल्यांचे घर वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेले, आणि ते मृत्युपत्र न करता गेले. हिंदू वारसा कायदा आपल्यालाही लागू आहे. त्यानुसार आई, दोन मुलगे आणि दोन मुली असे पाच सारखे वाटे होतात. उद्या आई गेली आणि तिनेही काही लिहून ठेवले नाही, तर तिचा पाचवा हिस्सा चौघांत सारखा वाटला जाईल. म्हणजे चार वर्षे रात्री उठणारीला एक चतुर्थांश आणि दिवाळीला साडी आणणाऱ्यालाही एक चतुर्थांश. कायदा सेवा मोजत नाही. तरी तेवढे मिळाले तर नशीब. कारण आई गेल्यावर महिन्याभरात भाऊ हक्कसोडपत्राचा कागद घेऊन येतात. ‘बहिणी हिस्सा घेत नसतात’ म्हणतात. थोरली माहेर तुटू नये म्हणून सही करते, आणि धाकटीने ती ज्या छपराखाली राहते त्याच्यावरच सही करायची असते. 1956 च्या कायद्यात बायांना राहत्या घराची वाटणी मागता येत नव्हती, अविवाहित मुलीला फक्त राहण्याचा हक्क होता. ते कलम 2005 मध्ये रद्द झाले. आता ती राहूही शकते आणि वाटणीही मागू शकते. ज्या हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी 1951 मध्ये मंत्रिपद सोडले, त्यातला मुलीचा वाटा जालन्यात नोंदणी कार्यालयाबाहेर शंभर पावलांवर सोडून दिला जातो. सोडवून घेणाऱ्यांत निळी टोपी घातलेले भाऊही असतात.

त्या घरात आम्ही जूनमध्ये बैठक बसवली. थोरल्याला बोलावले, परतूरहून बहीण आली. वही मधे ठेवली आणि कुणाच्या प्रेमाबद्दल बोलायचे नाही, फक्त तास आणि रुपये बोलायचे असे ठरवले. पहिला अर्धा तास थोरल्याने वहीवरच संशय घेतला. मग त्याला विचारले की जालन्यात दिवसपाळीची बाई काय घेते ते तूच चौकशी करून सांग. त्याने दोन फोन केले आणि गप्प बसला. शेवटी त्याने महिना चार हजार द्यायचे ठरले, थेट बाईच्या पगारासाठी, आईच्या हातात नाही. धाकट्याने आठवड्यात दोन रात्री. बहिणीने तीन महिन्यांतून आठ दिवस येऊन राहायचे. आणखी एक साधी गोष्ट निघाली. धाकट्याच्या कारखान्यात ईएसआय कापला जातो, आणि अवलंबून असलेल्या आई-वडिलांना त्यात उपचार मिळतात. पण त्याने आईचे नाव कुटुंबात कधी घातलेच नव्हते. मुलीचा ठेकेदार तर ईएसआय भरतच नाही. तो वेगळा लढा आहे, तो सोडलेला नाही.

हे सगळे सुरळीत चालले असे नाही. थोरल्याचे पैसे दोन महिने आले, तिसऱ्याला उशीर झाला, फोन केल्यावर आले. धाकट्याच्या दोन रात्री दीड महिना टिकल्या, मग त्याला रात्रपाळी लागली आणि त्याने त्याऐवजी रविवार घेतला. बहीण मात्र ठरल्याप्रमाणे आली. त्या आठ दिवसांत धाकटीने बी.एड.च्या प्रवेश परीक्षेची पुस्तके आणली.

घराचे काम अजून बाकी आहे. आईला पूर्ण घर लेकीला लिहून देता येणार नाही, कारण तिचा स्वतःचा हिस्सा पाचवाच आहे. पण तेवढ्याचे मृत्युपत्र तिने केले तर मुलीकडे पाचातले दोन वाटे येतात. झटका आलेल्या माणसाचे मृत्युपत्र नंतर हमखास आव्हानात सापडते. म्हणून त्याच दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र, घरातले नसलेले दोन साक्षीदार आणि दुय्यम निबंधकाकडे नोंदणी, एवढे आम्ही करायला सांगितले आहे. आईने अजून हो म्हटलेले नाही. गेल्या भेटीत तिने एवढेच विचारले, ‘थोरल्याला कळवावं लागतं का?’ लागत नाही, असे आम्ही सांगितले.